बाण गोल फिरतात, तरी कर्ल शून्य कसा?

*मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. परीक्षेत सरळ तारेच्या बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा कर्ल विचारला होता. क्षेत्ररेषा तारेभोवती गोल फिरतात म्हणून मी ‘कर्ल शून्य नाही’ असं लिहिलं आणि गुण गेले. उत्तर म्हणे शून्य. मग अँपिअरच्या नियमात त्याच वर्तुळावर μ₀I कुठून येतं? पॉइंट चार्जचंही तेच. रेषा चहूकडे पसरताना दिसतात, तरी बाहेर डायव्हर्जन्स शून्य. सूत्रं पाठ आहेत, गणितंही सुटतात, पण या दोन राशी नक्की काय मोजतात तेच कळत नाही.*
*— एक विद्यार्थिनी, सातारा*

तुमचे गुण गेले ते चित्रावर भरवसा ठेवल्यामुळे. क्षेत्ररेषांच्या चित्रात दिशा ठळक दिसते, पण क्षेत्राची तीव्रता कुठे किती झपाट्याने घटते ते डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. कर्ल काय किंवा डायव्हर्जन्स काय, दोन्हींत दिशेच्या बदलाचा एक वाटा असतो आणि तीव्रतेच्या बदलाचा दुसरा. तुम्ही दिलेल्या दोन्ही उदाहरणांत हे दोन वाटे एकमेकांना तंतोतंत खोडतात. हे आकडे घालून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक तार घेऊ आणि तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबू.

तांब्याची लांब सरळ तार, त्रिज्या १ मिलिमीटर, तिच्यातून १० अँपिअर स्थिर करंट, आणि तो तारेच्या सगळ्या छेदात सारखा पसरलेला. बाहेर B = μ₀I/(2πr). आत, अक्षापासून r अंतरावर, फक्त r त्रिज्येच्या आतला करंट मोजायचा, म्हणून B = μ₀Ir/(2πR²). आकडे सोपे येतात: तारेच्या पृष्ठभागावर २ मिलिटेस्ला, आत अर्ध्या मिलिमीटरवर १ मिलिटेस्ला, आणि बाहेर २ मिलिमीटरवर पुन्हा १ मिलिटेस्ला. ४ मिलिमीटरवर अर्धा. तारेच्या आत असो वा बाहेर, रेषा गोलच. चित्रात दोन्ही भाग सारखेच दिसतात, आणि फसगत होते ती इथेच.

आता कर्लची व्याख्या वापरायची. एखाद्या बिंदूभोवती छोटी बंद वाट घ्यायची, त्या वाटेवरून B चं सर्क्युलेशन काढायचं (वाटेच्या प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले त्या तुकड्याच्या दिशेने असलेलं क्षेत्र, आणि सगळ्यांची बेरीज), वाटेच्या क्षेत्रफळाने भागायचं, आणि वाट आक्रसत बिंदूपर्यंत न्यायची. मिळतो तो वाटेच्या प्रतलाला लंब असलेला कर्लचा घटक. या व्याख्येत महत्त्वाची अट एकच आहे: वाट त्या बिंदूभोवती हवी, तारेभोवती नाही. तुम्ही मनात जे वर्तुळ धरलं होतं ते तारेला वेढा घालणारं होतं. त्यावरून तारेबाहेरच्या एखाद्या बिंदूपाशी काय चाललंय ते समजत नाही.

तारेच्या बाहेर अशी वाट आखू. आतली बाजू २ मिलिमीटर त्रिज्येचा कंस, बाहेरची बाजू ४ मिलिमीटर त्रिज्येचा कंस, दोन्ही कंसांचा केंद्राशी कोन अर्धा रेडियन, आणि दोन टोकांना त्रिज्येच्या दिशेच्या सरळ बाजू. तार या वाटेच्या बाहेर राहते. सरळ बाजूंवर B वाटेला लंब आहे, त्यांचा वाटा शून्य. बाहेरचा कंस २ मिलिमीटर लांब आणि तिथे क्षेत्र अर्धा मिलिटेस्ला. गुणाकार १ मायक्रोटेस्ला-मीटर. आतला कंस फक्त १ मिलिमीटर लांब, पण क्षेत्र १ मिलिटेस्ला. गुणाकार पुन्हा १ मायक्रोटेस्ला-मीटर. वाट पुरी करताना आतल्या कंसावरून आपण उलट दिशेने येतो, म्हणून वजाबाकी. उत्तर शून्य. बाहेरची वाट जितकी लांब झाली तितकंच तिथलं क्षेत्र कमकुवत झालं. वाट कितीही लहान केली, कुठेही सरकवली, तरी ती तारेला वेढत नाही तोवर हेच होणार, कारण r आणि B यांचा गुणाकार बाहेर सगळीकडे एकच आहे.

तशीच वाट तारेच्या आत घ्या: अर्ध्या मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत, कोन तोच. बाहेरचा कंस अर्धा मिलिमीटर आणि क्षेत्र २ मिलिटेस्ला, म्हणजे १ मायक्रोटेस्ला-मीटर. आतला कंस पाव मिलिमीटर आणि क्षेत्र १ मिलिटेस्ला, म्हणजे ०.२५. फरक ०.७५ मायक्रोटेस्ला-मीटर. वाटेचं क्षेत्रफळ ०.१८७५ चौरस मिलिमीटर. भागाकार ४ टेस्ला प्रति मीटर. आता दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. तारेतली प्रवाहघनता J = I/(πR²), म्हणजे सुमारे ३१.८ लाख अँपिअर प्रति चौरस मीटर. तिला μ₀ ने गुणलं की ४ टेस्ला प्रति मीटरच येतात. ∇×B = μ₀J या समीकरणाचा भौतिक अर्थ एवढाच आणि इतका नेमका आहे: ज्या बिंदूतून करंट वाहतो त्याच बिंदूवर कर्ल असतो, शेजारच्या बिंदूवर नाही. (हे स्थिर करंटसाठी. क्षेत्रं काळानुसार बदलत असतील तर उजव्या बाजूला μ₀ε₀ ∂E/∂t हे पद वाढतं.)

हेच सूत्रातून पाहिलं की दोन वाटे वेगळे दिसतात. सिलिंड्रिकल निर्देशांकांत, B फक्त φ दिशेला आणि फक्त r वर अवलंबून असेल तर

(∇×B)_z = (1/r) d(rB)/dr = B/r + dB/dr

पहिलं पद B/r हे रेषा वळण्याचं. वर्तुळ लहान, वळण तीव्र, तर हे पद मोठं. दुसरं पद dB/dr हे तीव्रतेच्या बदलाचं. बाहेर २ मिलिमीटरवर पहिलं पद अधिक ०.५ टेस्ला प्रति मीटर आहे आणि दुसरं उणे ०.५. आत कुठेही पहिलं २, दुसरंही २, बेरीज ४. चित्र पाहताना तुमच्या डोळ्याने फक्त पहिलं पद वाचलं होतं. वर्गात बहुधा पाण्यात सोडलेली छोटी भिंगरी सांगितली असेल. ती उपमा बरोबर आहे, पण अपुरी सांगितली जाते. १/r प्रमाणे घटणाऱ्या भोवऱ्यात भिंगरी केंद्राभोवती फिरत राहते, स्वतःभोवती मात्र फिरत नाही. केंद्राकडच्या पात्यावरचा जास्त जोर तिला उलटी फिरवू पाहतो, प्रवाहाचं वळण सुलटी, आणि दोन्ही बरोबरीत सुटतात. कर्ल म्हणजे स्वतःभोवतीचं फिरणं.

परीक्षेत चुकण्याच्या दोन हमखास जागा इथेच आहेत. पहिली, φ-घटकाचा कर्ल काढताना सरळ dB/dr लिहून मोकळं होणं. मग बाहेर −μ₀I/(2πr²) असं शून्य नसलेलं उत्तर येतं. एकक बरोबर असल्याने ही चूक एककांवरून पकडता येत नाही, पण चिन्हावरून येते: करंट वर जाताना बाहेरच्या रिकाम्या जागेत खाली दिशेचा कर्ल निघाला, तर r आत घ्यायचा राहिला असं समजा. दुसरी, कार्टेशियनमध्ये करताना. k = μ₀I/(2π) धरलं तर Bx = −ky/(x²+y²) आणि By = kx/(x²+y²). इथे ∂By/∂x काढताना छेदातही x आहे हे विसरून काही जण k/r² लिहितात. भागाकाराचा नियम लावला की ∂By/∂x आणि ∂Bx/∂y दोन्ही k(y²−x²)/r⁴ येतात आणि वजाबाकी शून्य होते.

आता तुमचा खरा पेच. बाहेर सगळीकडे कर्ल शून्य, मग तारेला वेढणाऱ्या वर्तुळावर μ₀I कसं? स्टोक्सचा नियम वर्तुळाच्या रेषेवरचा कर्ल विचारतच नाही. वर्तुळावर जे पृष्ठ ताणलेलं आहे त्या संपूर्ण पृष्ठावरच्या कर्लची बेरीज तो मागतो. आपल्या तारेला वेढणारं १ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्यावर B ०.२ मिलिटेस्ला, परीघ ६२.८ मिलिमीटर, सर्क्युलेशन १२.५७ मायक्रोटेस्ला-मीटर. त्याच्या आतल्या चकतीपैकी बहुतेक भागात कर्ल शून्य आहे, पण मधल्या १ मिलिमीटर त्रिज्येच्या छेदात तो ४ टेस्ला प्रति मीटर आहे आणि त्या छेदाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. गुणाकार १२.५७. हिशेब जुळला. वर्तुळ दहा पट मोठं केलं तरी उत्तर बदलत नाही, कारण वाढलेल्या जागेत कर्ल नाहीच.

पुस्तकातल्या उदाहरणात तार बहुधा अनंत बारीक असते, आणि गोंधळ वाढतो तो त्यामुळे. त्रिज्या कमी करत नेली तर छेदाचं क्षेत्रफळ घटतं, J त्याच प्रमाणात वाढते, दोन्हींचा गुणाकार मात्र तोच राहतो. शेवटी सगळा कर्ल एका रेषेवर एकवटतो, आणि त्या रेषेवर सूत्रातला छेद शून्य होऊन विकलन करताच येत नाही. म्हणून उत्तरात ‘कर्ल शून्य’ एवढंच न लिहिता ‘r = 0 सोडून कर्ल शून्य’ असं लिहा, किंवा डेल्टा फंक्शन शिकवलं असेल तर μ₀I δ(x)δ(y) अशी पूर्ण उजवी बाजू लिहा. संगणकावर `sympy` ने विकलन करून उत्तराला `simplify` लावलंत तर तेही नुसतं 0 छापतं. मूळबिंदू वगळला आहे ही अट आपणच लक्षात ठेवायची.

याची उलटी बाजूही पाहून ठेवा, कारण तोंडी परीक्षेत विचारतात: रेषा अगदी सरळ आहेत, तरी कर्ल आहे असं क्षेत्र सांगा. जाड, रुंद तांब्याच्या पत्र्यातून y दिशेला सारखी प्रवाहघनता J वाहते आहे असं समजा; z जाडीच्या दिशेने, मधल्या प्रतलापासून मोजलेला. पत्र्याच्या आत B = μ₀Jz, दिशा x. रेषा एकमेकींना समांतर, कुठेही वळण नाही. वळणाचं पद शून्यच आहे. पण वर जाताना तीव्रता वाढत जाते, म्हणून ∂Bx/∂z = μ₀J, आणि तोच पूर्ण कर्ल, y दिशेला. पत्र्याच्या बाहेर पडलात की B स्थिर होतं आणि कर्ल संपतो. तार आणि पत्रा शेजारी ठेवले की रेषेच्या आकारावरून कर्ल ठरवायची सवय सुटते.

डायव्हर्जन्सचा हिशेब याच चालीचा आहे, फक्त वाटेच्या जागी बंद पृष्ठ आणि सर्क्युलेशनच्या जागी बाहेर पडणारा फ्लक्स. १ नॅनोकूलोंबचा चार्ज घ्या. १ मीटरवर E सुमारे ९ व्होल्ट प्रति मीटर, २ मीटरवर २.२५. चार्जपासून निघणाऱ्या अरुंद शंकूचा १ ते २ मीटरमधला तुकडा कापा, असा की त्याचं आतलं तोंड ०.०१ चौरस मीटर आहे. बाहेरचं तोंड मग ०.०४ चौरस मीटर. आतून शिरणारा फ्लक्स ०.०९ व्होल्ट-मीटर, बाहेर पडणारा ०.०९, कडेच्या भिंतीतून काहीच नाही, कारण क्षेत्र भिंतीला समांतर आहे. जेवढं आलं तेवढं गेलं. रेषा पसरल्या हे खरं, पण त्या तुकड्यात एकही नवी रेषा सुरू झाली नाही. स्फेरिकल निर्देशांकांत हेच

∇·E = (1/r²) d(r²E)/dr = 2E/r + dE/dr

असं दिसतं. १ मीटरवर पहिलं पद अधिक १८ आणि दुसरं उणे १८ व्होल्ट प्रति चौरस मीटर. पहिलं पद पसरण्याचं, दुसरं घटण्याचं.

तोच चार्ज १० सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलात सारखा भरला तर गोलाच्या आत E अंतराच्या प्रमाणात वाढतं, पृष्ठभागावर ९०० व्होल्ट प्रति मीटर होतं. म्हणजे वाढीचा दर ९००० व्होल्ट प्रति चौरस मीटर, पसरण्याचं पद त्याच्या दुप्पट, एकूण २७,०००. चार्जची घनता २.३९ × १०⁻⁷ कूलोंब प्रति घनमीटर येते. तिला ε₀ ने, म्हणजे ८.८५ × १०⁻¹² ने भागलं की पुन्हा २७,००० च्या आसपास. ∇·E = ρ/ε₀ हे समीकरण प्रत्येक बिंदूला विचारतं की ‘इथे, याच जागी, चार्ज आहे का?’ दूरच्या चार्जचं क्षेत्र त्या बिंदूपाशी कितीही जोरकस असेना, त्याला डायव्हर्जन्स मोजत नाही.

इथे घातांक किती नेमका लागतो ते पाहण्यासारखं आहे. E = k/rⁿ घातलं तर डायव्हर्जन्स k(2−n)/rⁿ⁺¹ येतो. n बरोबर 2 असेल तरच रिकामी जागा रिकामी राहते. म्हणूनच लांब चार्जित तारेचं १/r क्षेत्र स्फेरिकल सूत्रात टाकलंत तर हवेतच चार्ज असल्याचं उत्तर येईल. तिथे सिलिंड्रिकल सूत्र, (1/r) d(rE)/dr, लागतं, आणि r चा अर्थही बदलतो: बिंदूपासूनचं अंतर नव्हे, अक्षापासूनचं. गणित सुरू करण्याआधी r कुठून मोजलाय ते वहीत लिहा. या प्रकरणात सूत्र चुकण्यापेक्षा r चुकल्याने जास्त गुण जातात.

चुंबकीय क्षेत्रासाठी ∇·B = 0 सगळीकडे, तारेच्या आतही. त्यामुळे दिलेलं क्षेत्र चुंबकीय असू शकतं का, असा प्रश्न आला तर आधी डायव्हर्जन्स काढा. शून्य नसेल तर तिथेच नाही म्हणा. शून्य असेल तर कर्ल काढा आणि μ₀ ने भागा. ते क्षेत्र निर्माण करायला कुठे किती करंट लागेल याचा नकाशाच हातात येतो.

विद्युत क्षेत्राचा कर्ल मात्र वेगळा लक्षात ठेवा, कारण तिथे चार्जचा संबंध नसतो. ∇×E = −∂B/∂t. तारेवर तुम्ही जे शिकलात ते इथे जसंच्या तसं वापरता येतं. फक्त करंटच्या जागी बदलतं चुंबकीय क्षेत्र येतं. २ सेंटिमीटर त्रिज्येची लांब सोलेनॉइड घ्या, आत ५० हर्ट्झने बदलणारं ०.०१ टेस्ला शिखराचं क्षेत्र. आत बदलाचा दर जास्तीत जास्त ३.१४ टेस्ला प्रति सेकंद, आणि E च्या कर्लची किंमतही तितकीच, ३.१४ व्होल्ट प्रति चौरस मीटर. सोलेनॉइडच्या बाहेर B जवळपास नाही, म्हणून कर्लही नाही. पण E आहे, गोल फिरणारं आणि १/r ने घटणारं: भिंतीपाशी ३१.४ मिलिव्होल्ट प्रति मीटर, ५ सेंटिमीटरवर १२.६. सोलेनॉइडला बाहेरून वेढणाऱ्या तारेच्या एका वेढ्यात ३.९५ मिलिव्होल्ट शिखराचा ईएमएफ येतो, वेढा लहान असो की मोठा. तो वेढा सोलेनॉइडच्या शेजारी पण तिला बाहेर ठेवून पाडला, तर ईएमएफ शून्य.

याचा प्रयोगशाळेत दिसणारा परिणाम असा: सोलेनॉइडभोवती वेगवेगळ्या किमतींचे दोन रेझिस्टर जोडून बंद कडं केलं आणि त्याच दोन बिंदूंना व्होल्टमीटर लावला, तर मीटरच्या तारा सोलेनॉइडच्या डावीकडून नेल्या की एक रीडिंग आणि उजवीकडून नेल्या की दुसरं येतं. मीटर बिघडलेला नसतो. ‘दोन बिंदूंमधलं पोटेन्शियल’ ही कल्पना वाटेवर अवलंबून नसेल तरच अर्थपूर्ण असते, आणि दोन वाटांच्या मध्ये कर्ल असलेला भाग अडकला की ती तशी राहत नाही. ज्या जागेत कर्ल शून्य आहे तिथे पोटेन्शियल लिहिता येतं, हे वाक्य पुस्तकात वाचाल तेव्हा त्यापुढे आपण जोडा: त्या जागेच्या मध्ये वगळलेलं भोक नसेल तर.

शेवटी, हे सगळं कागदावर ठेवायचं नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये एका दुपारचा प्रयोग. फोनमधला मॅग्नेटोमीटर `phyphox` या अ‍ॅपमध्ये x, y, z असे तीन घटक मायक्रोटेस्लात दाखवतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची १ मीटर बाजूची चौकट टेबलावर आडवी ठेवा, तिच्याभोवती अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचे २० वेढे घट्ट गुंडाळा आणि पॉवर सप्लायमधून अर्धा अँपिअर सोडा. २० वेढे मिळून १० अँपिअरची एक तार झाली. ८० मीटर तारेचा रोध ३ ओहमच्या आत राहतो, म्हणजे दीड व्होल्टच्या आसपास पुरतात. टेबल लोखंडी पायांचं नसावं, आणि फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढा.

चौकटीच्या एका बाजूच्या मध्यावर, तारेच्या नेमका वर फोन आडवा धरायचा. उंची वाढवायला खाली वह्या ठेवत जायच्या. वाचायचा तो फक्त टेबलाला समांतर आणि तारेला काटकोनात असलेला घटक. हा घटक निवडण्याचं कारण असं की उरलेल्या तीन बाजूंचा वाटा या दिशेला नगण्य असतो. फोन तारेच्या वर न धरता चौकटीबाहेर टेबलावरच ठेवला तर त्या बाजू १० सेंटिमीटरवर सुमारे पाचवा हिस्सा क्षेत्र खाऊन टाकतात आणि प्रयोग वाया जातो. पृथ्वीचं क्षेत्रही आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या घरात आहे, म्हणजे तुमच्या सिग्नलइतकंच. ते काढायला प्रत्येक उंचीवर करंट एकदा सुलटा, एकदा उलटा करून दोन रीडिंगं घ्या आणि त्यांच्या फरकाचं अर्धं करा. दोन्ही रीडिंगं लागोपाठ घ्या, कारण फोन मधूनच स्वतःचं कॅलिब्रेशन बदलतो. करंट उलटा करताना फोन तसूभरही हलता कामा नये.

५ सेंटिमीटरवर ४० आणि १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाच्या जवळपास यायला हवं. उंची गुणिले क्षेत्र दोन्हीकडे २ मायक्रोटेस्ला-मीटर. हा गुणाकार स्थिर आला म्हणजे आपण वर कागदावर आखलेल्या वाटेचे दोन कंस बरोबरीत सुटले, म्हणजेच त्या हवेत कर्ल नाही. चौकट मर्यादित लांबीची असल्याने १० सेंटिमीटरवर दोन-तीन टक्के कमी येईल, तेवढं सोडून द्या.

पहिल्या प्रयत्नात गुणाकार उंचीबरोबर सरकत जाताना दिसला तर घाबरू नका. बहुधा उंची चुकीची मोजली गेली आहे. सेन्सर फोनच्या जाडीत नेमका किती खोल आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि वेढ्यांच्या जुडग्यालाही जाडी असते. ५ सेंटिमीटरवर अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे १० टक्के. यावर उपाय म्हणजे गुणाकार तपासण्याऐवजी चार-पाच उंचींवर रीडिंगं घेऊन 1/B चा उंचीशी आलेख काढणं. क्षेत्र खरोखर १/r ने घटत असेल तर आलेख सरळ रेषा येतो, आणि ती रेषा उंचीच्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा म्हणजे तुमच्या मोजपट्टीच्या शून्यातली चूक. फोन लांबीच्या दिशेने कुठे धरायचा तेही आधी ठरवावं लागेल: तारेच्या वर फोन तारेला काटकोनात पुढेमागे सरकवून हा घटक जिथे सर्वांत मोठा येतो तिथे सेन्सर तारेच्या थेट वर असतो. फोनवर तिथे पेन्सिलची खूण करून घ्या आणि सगळी रीडिंगं त्या खुणेनेच घ्या.